फ्लॅटचा करारनामा : कोऱ्या जागांचा इतिहास

पनवेलला १८५२ सालापासून नगरपालिका होती आणि २०१६ च्या ऑक्टोबरात महानगरपालिका झाली. जुन्या पनवेलात घर विकत घ्यायचे म्हणजे उभा वाडा बघायचा, भिंतीवर थाप मारून पाहायची, विहिरीत डोकावायचे आणि मग खरेदीखत करायचे. वस्तू आधी आणि कागद नंतर, असा तो क्रम होता. फ्लॅट आले आणि हा क्रम उलटा झाला. आता जागेवर नुसता खड्डा असतो आणि हातात असतो करारनाम्याचा मसुदा. तेव्हा त्या मसुद्यात जे लिहिलेले नाही ते पुढे मागता येत नाही. म्हणून हा मसुदा तपासायचा कसा, आणि त्यातली कलमे आली कुठून, याचा थोडा इतिहास आज सांगावासा वाटतो.

मुंबईत जागेची टंचाई होती आणि इमारत बांधण्याआधीच फ्लॅट विकले जात होते. पैसे घ्यायचे आणि करार करायचा नाही, केला तरी त्यात तारीख नाही, असे प्रकार वाढले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर तीनच आठवड्यांनी, २० मे १९६० रोजी, सरकारने या गैरप्रकारांच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिचा अहवाल जून १९६१ मध्ये आला आणि १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. लोक त्याला 'मोफा' म्हणतात. किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंतच आगाऊ रक्कम घेता येईल, पण तीही लेखी करार करून, असे त्यात सांगितले. करार नोंदवायलाही हवा होता. पुढच्या वर्षीच्या नियमांत कराराचा नमुना दिला गेला. सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती 'करारात काय काय असायला हवे' याची यादी आली ती अशी.

यादी आली, पण वाद झाला तर जायचे कुठे, हा प्रश्न राहिलाच. दिवाणी कोर्टात वर्षे जात. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानंतर ग्राहक मंचाचा रस्ता मिळाला, पण बिल्डरवर लक्ष ठेवणारे स्वतंत्र प्राधिकरण नव्हते. ते आले २०१६ च्या केंद्रीय 'रेरा' कायद्यामुळे. महाराष्ट्राचे नियम एप्रिल २०१७ मध्ये निघाले आणि त्यांच्या परिशिष्ट 'अ' मध्ये करारनाम्याचा नवा नमुना आला. आता किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत कराराशिवाय घेता येत नाही.

या नमुन्यातली तीनच कलमे पाहू. पहिले पैशांचे. समजा फ्लॅट साठ लाखांचा आहे. नमुन्याप्रमाणे करार होईपर्यंत सहा लाख, करारानंतर एकूण अठरा लाखांपर्यंत, जोते झाल्यावर सत्तावीस, सगळे स्लॅब पडल्यावर बेचाळीस. पुढे भिंती, आतला गिलावा, फरशी, दारे-खिडक्या झाल्या की पंचेचाळीस, मग जिने आणि संडास-बाथरूमच्या जोडण्या झाल्यावर अठ्ठेचाळीस, बाहेरचा गिलावा आणि गच्चीचे पाणीरोधक काम झाल्यावर एक्कावन्न, लिफ्ट, पंप आणि वीज झाल्यावर सत्तावन्न. या साऱ्या कमाल मर्यादा आहेत. उरलेले तीन लाख ताबा घेताना, तेही भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर.

मसुदा हातात आला की कागदाच्या कडेला ही एकूण रक्कम पायरीपायरीने लिहावी. 'हप्ते टप्प्याटप्प्याने' असे कलम बहुतेक मसुद्यांत असते, पण जोते होण्याआधीच बेरीज अठराच्या वर गेली की खोट तिथेच दिसते. शेवटच्या तीन लाखांपुढे नुसते 'ताबा देताना' आहे की 'भोगवटा प्रमाणपत्रानंतर', हे तर दोनदा वाचावे. त्या तीन लाखांखेरीज गिऱ्हाइकाच्या हातात तेव्हा दुसरे काही उरलेले नसते.

दुसरे कलम करार रद्द करण्याचे. नमुन्यात बिल्डरला तो हक्क आहे, पण तीन हप्ते चुकल्यावर आणि पंधरा दिवसांची नोटीस दिल्यावरच. मग ठरलेली नुकसानभरपाई वजा करून बाकी रक्कम तीस दिवसांत परत करायची. गिऱ्हाइकाचा हक्क असा की तारखेला ताबा मिळाला नाही तर तो व्याजासह पैसे मागू शकतो. आता गंमत पाहा. हा हक्क ज्या तारखेवर उभा आहे ती तारीख छापील नमुन्यात कोरी असते. कलम हजर आणि तारीख गैरहजर असेल, तर उशीर कुठून मोजायचा? म्हणून कलम आहे का, एवढे विचारून भागत नाही. कोरी जागा भरली आहे का, हे पाहावे लागते.

व्याजाचेही तसेच. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पायोनिअर अर्बन या गुरगावच्या बिल्डरचे प्रकरण आले. गिऱ्हाइकाचा हप्ता उशिरा आला तर अठरा टक्के, आणि ताब्याला उशीर होऊन गिऱ्हाइकाने करार मोडला तर परतीच्या पैशांवर नऊ टक्के, असा त्यांचा करार होता. दोन्ही कलमे लेखी होती, सही झालेली होती. तरी न्यायालयाने असा एकतर्फी करार बंधनकारक मानला नाही आणि ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. रेरामध्ये दोन्ही बाजूंचा व्याजदर एकच असायला हवा. तेव्हा मसुद्यातले दोन्ही दर शोधून शेजारी शेजारी लिहावेत.

तिसरे कलम वादाचे. आधी आपसात मिटवावा, न मिटल्यास रेरा प्राधिकरणाकडे न्यावा, असे नमुन्यात आहे. काही मसुद्यांत त्याऐवजी लवाद येतो आणि लवाद नेमण्याचा हक्क बिल्डरकडेच असतो. लवादाचे कलम असले तरी ग्राहक मंचाचे दार बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. पण हे ठाऊक नसलेला माणूस कलम वाचूनच घरी बसतो, आणि त्या कलमाचे काम तेवढ्यानेच होते.

डिसेंबर २०२२ मध्ये महारेराने आणखी एक चांगली गोष्ट केली. नमुन्यापेक्षा मसुद्यात जे वेगळे असेल ते बिल्डरने ठळक दाखवायचे आणि बदलांचा अहवाल संकेतस्थळावर ठेवायचा. चटई क्षेत्र, दोष दुरुस्तीची मुदत, अभिहस्तांतरण, नैसर्गिक आपत्तीसारखी कारणे, अशी कलमे तर बदलताच येत नाहीत. म्हणजे आता सगळा मसुदा घोकायची गरज नाही. प्रकल्पाच्या पानावरचा तो अहवाल आणि आपल्या हातातला कागद जुळतो का, एवढे आधी बघावे. जुळत नसेल तर पहिला प्रश्न तिथेच विचारावा.

कागदाची मर्यादाही सांगायला हवी. प्राधिकरणाने पैसे परत करण्याचा आदेश दिला आणि बिल्डरने दिले नाहीत, तर वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. पनवेलच्या माणसासाठी ते कार्यालय अलिबागला. बिल्डरकडे जप्त करण्यासारखे काही उरलेच नसेल तर उत्तम कलमही पैसा उभा करू शकत नाही. म्हणून तीन कलमांपैकी पहिले, पैशांचे, सर्वात बारकाईने तपासावे. जो पैसा अजून दिलेलाच नाही, तो परत मागावा लागत नाही.