मधल्या रेषेवरची पट्टी

‘पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत.’ बँकेच्या अभिप्रायाच्या फॉर्मपासून एम.एड.च्या प्रबंधिकेपर्यंत ही पाच घरं आपण कुठे ना कुठे भरलेली असतात. आपल्याकडे या श्रेणीला बहुतेक जण ‘लायकर्ट श्रेणी’ म्हणतात. ज्याचं नाव तिच्यावर पडलं तो रेन्सिस लिकर्ट मात्र आपलं आडनाव ‘लिकर्ट’ असंच उच्चारायचा.

अशी उत्तरं चित्रात मांडायची एक रीत अलीकडे अहवालांत दिसते. प्रत्येक विधानाची एक आडवी पट्टी असते आणि सगळ्या पट्ट्यांमधून एक उभी रेषा जाते. असहमतीचे तुकडे रेषेच्या डावीकडे, सहमतीचे उजवीकडे. वीस विधानं एकाखाली एक लावली तरी कुठल्या विधानाचं पारडं कुठे झुकलं ते एका नजरेत कळतं. हे चित्र लिकर्टने काढलेलं नाही. त्याची श्रेणी एका घराण्यातली, ती उभी रेषा दुसऱ्यातली, आणि दोघांची सोयरीक नीट जुळायला जवळजवळ ऐंशी वर्षं गेली. जिथे ती जुळली तो सांधा आजही थोडा कुरकुरतो.

आधी श्रेणीचं घराणं. माणसाची अभिवृत्ती मोजता येते असा दावा शिकागोच्या लुई थर्स्टनने १९२८ मध्ये केला. पण त्याची रीत जिकिरीची होती. चर्चविषयीची वृत्ती मोजायला त्याने आणि अर्नेस्ट चेव्हने १३० विधानं गोळा केली आणि ती ३०० परीक्षकांकडून अनुकूल-प्रतिकूल अशा ११ ढिगांत लावून घेतली. त्यावरून प्रत्येक विधानाचं वजन ठरायचं, आणि मग कुठे खरी प्रश्नावली लोकांपुढे जायची. कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेट करणाऱ्या लिकर्टने १९३२ मध्ये हे परीक्षकच वगळले. विधान किती पटतं ते उत्तर देणाऱ्यालाच पाच पायऱ्यांवर विचारायचं, पायऱ्यांना १ ते ५ गुण द्यायचे आणि त्या माणसाच्या सगळ्या विधानांचे गुण मिळवायचे. ती बेरीज म्हणजे त्याची वृत्ती.

लिकर्टला हवी होती ती माणसाची बेरीज. एकटं विधान त्याच्या लेखी भिंतीतली वीट होतं, आणि जी वीट एकूण बेरजेशी जुळत नसे ती तो काढून टाकायला सांगे. त्यामुळे विधानागणिक चित्र काढायची त्याला गरजच नव्हती. पुढे कंपन्या, सरकारी खाती आणि विद्यापीठं यांनी पाच घरं तेवढी उचलली आणि बेरीज मागे ठेवली. त्यांना प्रत्येक विधानाचा वेगळा निकाल हवा होता: पगाराबद्दल किती जण नाराज, वेळेबद्दल किती. उत्तरांचा तक्ता माणसागणिक वाचायचा होता तो विधानागणिक वाचला जाऊ लागला, आणि चित्राची गरज तिथून निर्माण झाली.

आता रेषेचं घराणं. पट्टी आली विल्यम प्लेफेअरकडून. १७८६ च्या त्याच्या ॲटलासमध्ये स्कॉटलंडचा १७ देशांशी चाललेला व्यापार पट्ट्यांनी दाखवला आहे. आकडे एकाच वर्षाचे होते, काळाबरोबर चढउतार दाखवणारी रेघ काढता येईना, म्हणून नाइलाजाने पट्ट्या. आयात आणि निर्यात दोन्ही तो एकाच दिशेने काढतो.

पट्टीला दोन दिशा मिळाल्या त्या जनगणनेत. १८७० च्या अमेरिकी जनगणनेवर फ्रान्सिस वॉकरने केलेला सांख्यिकी ॲटलास १८७४ मध्ये निघाला. त्यात वयोगट एकावर एक रचलेले आहेत आणि मधल्या रेषेच्या एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया आहेत. भूगोलाच्या पुस्तकातला आपला लोकसंख्या मनोरा तो हाच. पुढे समाजशास्त्रज्ञ कॅल्विन श्मिड यांनी १९५४ च्या आपल्या आलेखांच्या हँडबुकात ‘सरकती पट्टी’ हा स्वतंत्र प्रकार नोंदवला. एका अखंड पट्टीचे दोन भाग आणि त्यांचा सांधा सामाईक रेषेवर येईल अशी पट्टी डावी-उजवी सरकवलेली. घटक सगळे तयार होते. सहमतीच्या पाच तुकड्यांची पट्टी घेऊन ती सरकवायची एवढंच बाकी होतं.

ते सुटं सुटं बऱ्याच जणांनी केलं असेल. त्याला शिस्त लावली आणि ठाम शिफारस केली ती नेओमी रॉबिन्स आणि रिचर्ड हायबर्गर या दोन अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी; आधी २०११ च्या एका परिषदेतल्या निबंधात, मग २०१४ मध्ये एका सांख्यिकी नियतकालिकातल्या विस्तृत लेखात. अशा श्रेणीसाठी पहिली पसंती याच आकृतीला असावी, असं त्यांचं म्हणणं. ती काढायची सोय त्यांनी R भाषेतल्या `HH` या पॅकेजात `likert()` या फंक्शनने दिली. त्याच पॅकेजात `as.pyramidLikert` नावाचं एक फंक्शन आहे. तेच चित्र ते लोकसंख्या मनोऱ्याच्या रूपात छापतं. कूळ असं प्रोग्रॅममध्येच नोंदलेलं आहे.

या आकृतीने काय साधतं आणि काय सुटतं, ते एका उदाहरणावर पाहू. समजा, एका वाचनालयाने १०० सभासदांना तीन विधानं दिली. खालचे आकडे ‘पूर्णपणे असहमत’पासून ‘पूर्णपणे सहमत’पर्यंत, त्याच क्रमाने आहेत. ‘वेळ सोयीची आहे’: १०, २०, १०, ४०, २०. ‘हवी ती पुस्तकं मिळतात’: १०, २०, ४०, २०, १०. ‘वर्गणी वाजवी आहे’: ३५, १०, १०, १०, ३५.

लिकर्टचे गुण देऊन सरासरी काढली तर वेळेची ३.४ येते, पुस्तकांची ३ आणि वर्गणीचीही ३. शेवटच्या दोन विधानांत काहीच फरक नाही, असं सरासरी सांगते. प्रत्यक्षात पुस्तकांबद्दल ४० जणांना फारसं काही म्हणायचंच नाही, आणि वर्गणीवरून सभासदांत सरळ दोन तट पडले आहेत.

आता हेच आठवीच्या पुस्तकातल्या शतमान स्तंभालेखासारखं काढू, फक्त स्तंभ आडवे. सगळ्या पट्ट्या ० ते १०० अशा सारख्या लांबीच्या. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की, सामाईक रेषेवरची जागा डोळा अचूक ओळखतो आणि सुट्या तुकड्याची लांबी ओळखताना चुकतो. शतमान पट्टीत अशा सामाईक कडा दोन, डावी आणि उजवी. म्हणून असहमती डावीकडून आणि सहमती उजवीकडून नीट मोजता येते. पण कौल कुठे झुकला हे कळायला डोळ्याला दोन्ही कडांकडे आळीपाळीने पाहावं लागतं, आणि विधानं वीस असली की तो थकतो.

मधल्या रेषेवर सरकवलेली पट्टी हा झुकाव एका नजरेत देते. मोबदल्यात ती दोन्ही बाहेरच्या कडा सोडते. ‘पूर्णपणे असहमत’चे तुकडे आता सामाईक रेषेवर टेकत नाहीत, टोकाला लोंबतात. टोकाची मतंच एकमेकांशी ताडून पाहायची असतील तर जुनी शतमान पट्टी बरी. रंगांचंही पाहायला हवं: तुकडे रेषेवरून बाहेर जाताना गडद होत गेले पाहिजेत. डावीकडे तपकिरी छटा, उजवीकडे निळसर-हिरव्या आणि मध्ये करडी. लाल-हिरवी जोडी टाळावी, कारण काही जणांना त्या दोन रंगांतला फरक दिसत नाही.

आणि मग येतो तो सांधा. वॉकरच्या मनोऱ्यात मध्ये कुणी नव्हतं. रेषा आपोआप पडत होती. लिकर्टच्या श्रेणीत मध्ये एक घर आहे, त्याने त्याला ‘अनिर्णित’ म्हटलं होतं, आणि त्या घराला डावं-उजवं नाही. `likert()` ते घर रेषेवर बरोबर मधोमध बसवतं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. वाचनालयाच्या आकड्यांवर हे करून पाहा. वेळेच्या पट्टीचं डावं टोक ३५ वर जातं, कारण ३० जण असहमत आणि तटस्थांचे अर्धे ५. पुस्तकांचं डावं टोक ५० वर जातं: तेच ३० असहमत, पण तटस्थांचे अर्धे २०. असहमत दोन्हीकडे सारखे असताना पुस्तकांबद्दलची नाराजी जवळजवळ दीडपट वाटते. वर्गणीच्या पट्टीत ४५ आणि ५ मिळून तेही ५० च. म्हणजे पुस्तकं आणि वर्गणी या दोन पट्ट्यांची बाह्यरेषा तंतोतंत एक. भांडण आणि उदासीनता यांतला फरक फक्त रंग सांगतो. सरासरीने जे झाकलं होतं ते पट्टीच्या आकारानेही झाकलं.

यावर उपाय म्हणून काही जण तटस्थांना पट्टीतून काढतात आणि उजवीकडे वेगळ्या रकान्यात त्यांची करडी पट्टी लावतात. मग रेषेवर फक्त सहमत आणि असहमत उरतात. पुस्तकं ३० विरुद्ध ३०, वर्गणी ४५ विरुद्ध ४५, वेळ ३० विरुद्ध ६०. असहमतीचे तुकडे रेषेपासूनच सुरू होत असल्याने त्यांची तुलना अचूक होते. पण तोटा असा, की पाच पायऱ्यांचा सलग क्रम तुटतो. तटस्थ हा दोन मतांमधला मुक्काम न राहता ‘मत नाही’सारखा बाहेरचा माणूस होतो, आणि तो खरंच तसा आहे का हे प्रश्न विचारणाऱ्यालाच माहीत असतं. ‘ना सहमत ना असहमत’ असा पर्याय दिला असेल तर तो मधलाच. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांनीही तेच घर भरलं असेल तर त्यांना बाहेर काढणंच रास्त.

तेव्हा अशी आकृती हाती आली की पट्ट्यांची टोकं पाहण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. करडा तुकडा रेषेवर बसला आहे की बाजूला, आणि त्याची रुंदी विधानागणिक बदलते का. तो रेषेवर असून रुंदी सगळीकडे सारखी असेल तर डावी टोकं एकमेकांशी ताडून पाहायला हरकत नाही. ती कमी-जास्त होत असेल, तर टोकांवरची नजर उचलून फक्त रंगीत तुकड्यांची लांबी वाचायची. असं वाचलं तर वाचनालयाला कळेल की वेळेपेक्षा पुस्तकांवर कुणी जास्त नाराज नव्हतं, आणि सभासदांची बैठक बोलवायची असेल तर ती वर्गणीवर बोलवायला हवी.