साडेबासष्ट रुपयांचा कागद: मोडीत काय लिहिलंय आणि आपल्याला काय वाचायचंय

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि कुणबी नोंदींची शोधाशोध गावोगाव पोहोचली. तेव्हापासून आमच्या तालुक्यात मोडी वाचणाऱ्याला अचानक भाव आला. मी व्यवसायाने पत्रकार. मोडी शिकलो तो निव्वळ हौसेने, पुराभिलेख खात्याच्या वर्गात. आता आठवड्याला दोन-तीन जण मोबाईलमध्ये फोटो घेऊन येतात आणि पहिला प्रश्न एकच असतो, "यात कुणबी लिहिलंय ना?" कागदात काय आहे, हे नंतर.

म्हणून आज एका कागदाबद्दल सविस्तर लिहितो. कागद आमच्याच घरचा आहे. घराण्याचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आप्पांनी, पत्र्याच्या पेटीतून काढून दिला. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी, की ओढ्याकाठची जमीन सावकाराने खोटा कागद करून लाटली. हाच तो 'खोटा कागद'.

आधी मोडी वाचताना अडतं कुठे, ते सांगतो. लिहिणारा प्रथम पानभर आडवी रेघ मारून घ्यायचा आणि मग त्या रेघेखाली अक्षरं लोंबकळत सोडायचा. शब्द कुठे संपला हे कळत नाही, कारण दोन शब्दांत जागाच नाही. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ पाळलेला नसतो. अनुस्वार बहुतेक वेळा गाळलेला. हात उचलायला लागू नये म्हणून काना खालून वर ओढत नेलेला, त्यामुळे काना लागला की अक्षराचं रूपच बदलतं. 'ब' आणि 'व' यांत तर घाईच्या हाताने फरकच ठेवलेला नसतो.

मग वाचायचं कसं? नवशिके नावापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात, कारण नावाला मागचापुढचा संदर्भ नसतो. मी सुरुवात करतो ठरलेल्या वाक्यांपासून. खतांची भाषा साच्यातली असते: शके, संवत्सर, महिना, मौजे, तालुके, राहणार, 'कारणे', 'लिहून दिले ऐसे जे'. हे शब्द त्या जागी असणारच हे माहीत असतं. ते ओळखायचे आणि त्यातलं प्रत्येक अक्षर वहीत जसंच्या तसं उतरवून त्या लेखकाची वेगळी मुळाक्षरं तयार करायची. पुस्तकातला मोडीचा तक्ता भिंतीवर ठीक आहे, प्रत्येक कारकुनाचा 'स' त्याचा स्वतःचा असतो. मग त्या वहीच्या आधाराने नावांकडे जायचं. एकाच खतात देणाऱ्या-घेणाऱ्याचं नाव तीन-चार वेळा येतं. तिन्ही-चारी ठिकाणी तेच वाचता आलं तरच ते नाव खरं.

आता आमचा कागद. वरच्या कोपऱ्यात इंग्रजी तारीख असावी, पण तो कोपरा वाळवीने खाल्लाय. खाली मात्र स्वच्छ आहे: शके १७९८, धाता नाम संवत्सरे, माघ महिना, सन १२८६ फसली. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना पाठ असतं. १७९८ अधिक ७८ म्हणजे १८७६. पण शकाचं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि माघ येतो वर्षाच्या शेवटी, इंग्रजी साल उलटून गेल्यावर. म्हणून माघाला ७९ मिळवायचे. साल निघतं १८७७, जानेवारी-फेब्रुवारी. फसली सनाने ताळा बघा. आपल्याकडचा फसली मृगाला सुरू होतो. १२८६ फसली म्हणजे जून १८७६ ते जून १८७७. दोन्ही जुळतात.

एका वर्षाने काय बिघडतं, असं आप्पांनी विचारलं. खूप बिघडतं. १८७६ च्या माघात हा कागद झाला असता तर तो साध्या अडीअडचणीचा कागद ठरला असता. १८७६ चा पाऊस गेला आणि दख्खनचा तो मोठा दुष्काळ पडला, आपल्या सोलापूर जिल्ह्याला तर फार जोरात बसला. म्हणजे आमच्या पूर्वजाने निशाणी केली ती ऐन दुष्काळात.

पुढे रक्कम. आकडा आहे ६२ आणि त्यापुढे दोन उभ्या रेघा, ६२॥. मोडीत एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. पण तशाच रेघा शब्दाचा संक्षेप दाखवायलाही मारतात. म्हणून रेघ दिसली की ती आकड्याची की शब्दाची हे ठरवावं लागतं. खत लिहिणारे हुशार होते, फसवाफसवी टाळायला त्यांनी सोय करून ठेवली होती. रक्कम अक्षरी लिहायची आणि शिवाय तिची निम्मीही लिहायची. आमच्या कागदात 'निमे ३१।' आहे. सव्वाएकतीसची दुप्पट साडेबासष्ट. आकडा पक्का.

आणि मग ती ओळ येते, जी मी तीनदा वाचली. साडेबासष्टपैकी चाळीस रुपये 'मागील खताची बाकी' आणि साडेबावीस रुपये 'रोख'. म्हणजे दुष्काळात घरात आले फक्त साडेबावीस रुपये. बाकीचं जुनं कर्ज नव्या कागदावर चढवलेलं. घरच्या गोष्टीत हे कधीच नव्हतं.

सगळ्यात अडला तो पुढचा शब्द. जागा न सोडता लिहिलेलं 'गाहाणलाहाण'. मी आधी 'गहाण' वेगळं केलं आणि 'लाहाण' पाशी थांबलो. लहान मुलाचा इथे काय संबंध? दोन शब्द एकत्र घेतले तेव्हा अर्थ लागला. गहाण-लहाण हा त्या काळच्या सावकारीतला नेहमीचा प्रकार आहे. जमीन गहाण, पण मुदतीत पैसे परत केले नाहीत तर तोच कागद खरेदीखत समजायचा. आमच्या कागदात मुदत तीन वर्षांची आहे आणि अट स्पष्ट लिहिली आहे.

शेवटी सही. सही नाहीच, नांगराचं छोटं चित्र आहे आणि बाजूला 'निशाणी नांगराची'. खाली दोन साक्षीदार आणि ज्याने खत लिहिलं त्याचं नाव. अक्षर सगळं त्याचंच.

हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, इतिहासात ते गहाण-लहाण कशाला घालतोस? जमीन लुबाडली एवढंच लिही. आपली माणसं वेडी होती असं दिसायला नको."

मी म्हटलं, "आप्पा, वेडी कुठे दिसतात? कागद नीट बघा. ज्याला अक्षर येत नाही त्याने नांगर काढलाय. वाचून काय दाखवलं, काय नाही, हे कागद सांगत नाही."

माझं मत असं, की कागद खोटा नाही. पण खरा कागद म्हणजे न्याय्य व्यवहार असंही नाही. असले व्यवहार इतके झाले होते, की १८७५ मध्ये सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कागदच जाळले. १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि शेतकऱ्याची खतं गावच्या निबंधकासमोर करायची सक्ती आली. आमचा कागद त्याआधी दोन वर्षांचा.

'सब-रजिस्ट्रारकडे नक्कल सापडत नाही, म्हणजे खोटाच' असं एका चुलतभावाचं म्हणणं होतं. त्याचं उत्तर सोपं आहे. शंभर रुपयांच्या आतल्या अशा खताची नोंदणी तेव्हा सक्तीची नव्हती. साडेबासष्टचं खत नोंदवलंच नसेल तर नक्कल कुठून मिळणार?

आता तो 'कुणबी'चा प्रश्न. देणाऱ्याच्या नावापुढे 'जात' लिहून 'कु' आहे, आणि नेमकी तिथे घडी पडून कागद फाटलाय. घरातल्या तरुण मंडळींचा आग्रह, की 'कुणबी' लिहून टाका. मी लिहिलं नाही. मोडीत अनुस्वार गळतो, त्यामुळे कुंभारसुद्धा 'कु' असाच सुरू होतो. नांगराची निशाणी, धंदा शेती, यावरून कुणबी असण्याची शक्यता मोठी आहे हे मलाही पटतं. पण शक्यता टिपेत लिहायची, मजकुरात नाही. मी उतरवलंय ते असं: 'जात कु[फाटले]'.

लिप्यंतर करताना माझा नेमच आहे. डाव्या पानावर ओळीला ओळ, मूळ लेखन जसंच्या तसं, 'गाहाण' असेल तर 'गाहाण'. संक्षेप उलगडला तर उलगडलेली अक्षरं गोल कंसात, फाटकं-अस्पष्ट चौकोनी कंसात, शंकेच्या अक्षरापुढे प्रश्नचिन्ह. उजव्या पानावर आजच्या मराठीत अर्थ. दोन्ही एकत्र केले की पुढच्या पिढीला कागद कुठे संपला आणि आपण कुठे बोलायला लागलो हे कळत नाही. आप्पांनाही हाच तोडगा मान्य झाला. त्यांची लुबाडणुकीची गोष्ट त्यांच्या नावाने, सांगीव म्हणून, उजव्या पानाखाली येईल. गहाण-लहाणही राहील.

ज्यांना दाखल्यासाठी नोंद हवी आहे त्यांना एक सांगतो. घरातल्या अशा सुट्या कागदावर फार विसंबू नका. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, ते आधी तपासा. तिथे जात लिहिलेली असते, कितीदा नुसती 'कु' अशीच, पण वही सलग असल्याने त्याच हाताने त्याच पानावर पूर्ण शब्द कुठे लिहिलाय का हे शोधता येतं. सुट्या कागदात ती सोय नाही. आणि कृपा करून कागद लॅमिनेट करू नका. मागच्या महिन्यात एकाने आणलेला लॅमिनेट केलेला कागद चकाकीमुळे निम्मा वाचताच आला नाही.

आमच्या कागदाचं काम अजून बाकी आहे. चतुःसीमेत पूर्वेला ओढा, दक्षिणेला गाडीवाट एवढं लागलंय, उत्तरेच्या शेजाऱ्याचं नाव एकदाच आलंय आणि त्यातलं मधलं अक्षर 'ब' की 'व' ठरत नाही. भूमी अभिलेखात त्या सर्व्हे नंबरचं फेसाळ पत्रक मागितलंय, त्यात शेजारच्या खातेदाराचं नाव मिळावं. आपल्या भागातल्या कुणाच्या पेटीत १८७० ते १८८० या काळातलं खत असेल, तर शेवटचं पान, लेखकाच्या नावासकट, उन्हात न धरता खिडकीच्या उजेडात फोटो काढून पाठवा. एकच माणूस पाच-दहा गावांची खतं लिहायचा. त्याच हाताचं दुसरं खत मिळालं तर ते अक्षर सुटेल.