बार्शी लाइट रेल्वे आणि पंधरा दिवसांचा पगार

बार्शी लाइट रेल्वेचा इतिहास लिहिताना एव्हरार्ड कॅलथ्रॉपची कल्पकता, अडीच फुटांचा रूळ आणि पंढरीची वारी यांचा उल्लेख हमखास होतो. त्याच गाडीच्या नोकरांमुळे देशाच्या कामगार कायद्यात दोन कलमे नव्याने लिहिली गेली, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मला त्या कलमांची, आणि विशेषतः त्यांच्यावरील एका तारखेची, हकीकत सांगायची आहे.

कामगार कमी करताना भरपाई द्यावी, असे बंधन देशाच्या औद्योगिक विवाद कायद्यात 24 ऑक्टोबर 1953 पासून आले. गिरण्यांत माल साचला होता, पाळ्या बंद पडण्याची भीती होती. त्या काळजीतून ही दुरुस्ती झाली. नियम साधा होता. वर्षभराहून कमी नसलेली सलग नोकरी झालेल्याला कमी करायचे, तर एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी किंवा महिन्याचा पगार हातात ठेवावा. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा. वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर तेही एक वर्ष धरावे.

याच्या तीन आठवडे आतच, 11 नोव्हेंबर 1953 रोजी, बार्शी लाइट रेल्वे कंपनीने आपल्या नोकरांना नोटीस दिली. 1895 च्या करारानुसार सरकार ही रेल्वे विकत घेणार होते. 31 डिसेंबरला सर्वांची नोकरी संपेल आणि 1 जानेवारी 1954 पासून गाडी सरकारची होईल, असे ठरले होते. इच्छुकांना सरकार नव्याने कामावर घेणार होते.

रकमेचा अंदाज यावा म्हणून एक कल्पित नोकर घेऊ. सरासरी पगार महिना 60 रुपये, नोकरी सतरा वर्षे सात महिने. वर्षे झाली अठरा. पंधरा दिवसांचा पगार म्हणजे 30 रुपये. भरपाई 540 रुपये. कंपनीने पन्नास दिवस आधी नोटीस दिली असल्याने नोटिशीचा पगार लागत नाही. नोटीसच नसती, तर आणखी 60 रुपये मिळून 600 झाले असते. म्हणजे दहा महिन्यांचा पगार. 

नोकरांनी ही भरपाई मागितली. कायद्यातली व्याख्या त्यांच्या बाजूची दिसत होती: शिक्षा म्हणून नव्हे, तर ‘कोणत्याही कारणाने’ मालकाने नोकरी संपवली की ती कपात. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 27 नोव्हेंबर 1956 रोजी निकाल लागला तो नोकरांच्या विरुद्ध. कपात म्हणजे चालू धंद्यातले जादा झालेले कामगार कमी करणे. धंदाच खरोखर बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर ती कपात नव्हे, असे न्यायालयाने ठरवले.

निकालातला एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. सुमारे 77 टक्के लोकांना सरकारने त्याच पगारश्रेणीत घेतले होते, सुमारे 23 टक्क्यांना थोड्या खालच्या श्रेणीत. नाकारणारे जेमतेम चोवीस. उद्या सकाळी त्याच इंजिनावर जाणाऱ्याला भरपाई कशाची, हा प्रश्न म्हणून रास्तच होता. पण भरपाई केवळ बेकारीचा आधार नसते. जुन्या मालकाकडची सतरा वर्षे नव्या मालकाने मोजली नाहीत, तर ती वाया जातात. पुढे कधी कपात झाली, तर मोजणी शून्यापासून सुरू होते.

हे उणेपण संसदेने 1957 मध्ये भरून काढले. उद्योगाचे हस्तांतर झाले, तर नोटीस आणि भरपाई कपातीप्रमाणेच मिळेल. अपवाद फक्त तीन अटी एकत्र पाळल्या तर. नोकरीत खंड पडू नये, अटी पूर्वीपेक्षा वाईट नसाव्यात, आणि पुढे कमी केल्यास जुनी वर्षेही मोजण्याची जबाबदारी नव्या मालकाने घ्यावी. खालच्या श्रेणीत गेलेल्या 23 टक्क्यांचा प्रश्न दुसऱ्या अटीत जणू शब्दशः उतरला आहे. उद्योग बंद पडला तरी हीच भरपाई ठरली. मात्र मालकाच्या आवाक्याबाहेरच्या, अटळ कारणाने बंद पडल्यास ती तीन महिन्यांच्या पगारापुरतीच.

ही तरतूद मागील तारखेपासून लागू केली गेली. ती तारीख होती 28 नोव्हेंबर 1956, म्हणजे निकालाचा दुसरा दिवस. बार्शीच्या नोकरांची नोकरी 1953 च्या अखेरीस संपली होती. ज्यांच्या भांडणातून हा हक्क जन्मला, त्यांच्यापर्यंत तो कायद्याने पोहोचलाच नाही. नंतरच्या कितीतरी गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांचा हिशेब मात्र त्याच पंधरा दिवसांनी झाला.