एका वाक्याची भीती

निपाणीला पीराने पीर दस्तगीर साहेबांचा उरूस भरतो. त्याची परंपरा संत बाबा महाराज चव्हाण यांच्याशी जोडलेली आहे. दस्तगीर म्हणजे बगदादचे अब्दुल कादिर जिलानी. त्यांची कबर बगदादेत आहे, निपाणीत आहे ती श्रद्धा. इथे नवस बोलणाऱ्याला वेदान्त किंवा तसव्वुफ शिकवावा लागत नाही. पण जिलानींच्या नावाशेजारी एक वाद शतकानुशतके चालत आला आहे, आणि त्याचे धागे आपल्या दख्खनच्या मातीत फार खोलवर गेले आहेत.

जिलानी 1166 साली गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, 1165 मध्ये, स्पेनमधल्या मुर्सिया शहरात इब्न अरबींचा जन्म झाला. पुढच्या सूफींनी ज्याला ‘वहदत-उल-वुजूद’, म्हणजे अस्तित्वाचं एकत्व म्हटलं, तो विचार प्रामुख्याने त्यांच्या लेखनातून आला. गंमत अशी की त्यांच्या ग्रंथांत हा शब्दप्रयोग सिद्धान्ताचं नाव म्हणून येत नाही. शिष्य सद्रुद्दीन कूनवी यांच्याकडे तो ओझरता येतो. एका पंथाचा शिक्का म्हणून तो रूढ झाला त्यात मोठा वाटा दमास्कसचे कडवे टीकाकार इब्न तैमिया यांचा आहे. विचाराला नाव मिळालं ते बरंचसं विरोधकांकडून, आणि नावाबरोबरच त्याला आरोपही चिकटला.

मूळ म्हणणं मराठी माणसाला चटकन कळेल, पण चुकीचंही कळू शकेल. खरं अस्तित्व एका ईश्वराचंच. बाकी सगळं त्याच्या ज्ञानात असलेल्या शक्यता, ज्यांना स्वतःचं असणं नाही. आरशात रूप दिसतं, पण आरशात कुणी राहत नाही, तसं. आपण लगेच ‘मायावाद’ म्हणून मोकळे होतो. पण इब्न अरबींच्या लेखी जग हा भ्रम नाही. ते ईश्वराचं प्रकट होणं, ‘तजल्ली’ आहे. त्यामुळे शंकराचार्यांपेक्षा ‘अमृतानुभवा’तल्या चिद्विलासाच्या जवळ त्यांना बसवावं, असं मला वाटतं. अर्थात तिथेही फरक उरतो. ईश्वर त्याच्या सत्तेत अगम्यच राहतो आणि दास कधीही ईश्वर होत नाही, हे इब्न अरबी पुन्हा पुन्हा बजावतात.

मग भीती कशाची? इब्न अरबींच्या ‘फुसूस-उल-हिकम’मधला सोन्याच्या वासराचा प्रसंग घ्या. मूसा डोंगरावर गेले असताना लोकांनी वासरू पूजलं, आणि मूसा भाऊ हारूनवर रागावले. कुराणातली ही कथा मूर्तिपूजेच्या निषेधाची आहे. इब्न अरबी तिला उलटं वळण देतात: कुठल्याही रूपापुढे वाकलेला माणूस अखेर त्याच एकापुढे वाकलेला असतो, हे मूसांना ठाऊक होतं. चूक एवढीच की पूजकाने त्या अमर्यादाला एका रूपात कोंडलं. इब्न तैमियांना इथे जमीन सरकताना दिसली. सगळंच तो असेल, तर पैगंबर आले कशाला? हलाल-हराम, न्याय-अन्याय, आज्ञा देणारा आणि पाळणारा, हे भेद कशावर उभे राहणार? त्यांच्या काळात मंगोल फौजा मुस्लिम शहरं उद्ध्वस्त करत होत्या. जुलूमही ‘त्याचाच’ म्हणायचा का, हा प्रश्न त्यांच्यापुढे कागदावरचा नव्हता.

पण हेच इब्न तैमिया अब्दुल कादिर जिलानींना मानत. जिलानींच्या ‘फुतूह-उल-गैब’मधल्या काही भागांवर त्यांनी भाष्यही लिहिलं. म्हणजे निपाणीच्या उरुसात ज्यांचं नाव घेतलं जातं, ते त्यांना पूज्य होते. त्यांचा झगडा सगळ्याच सूफींशी नव्हता. तो ‘सर्व तोच’ या एका वाक्याशी होता.

आपल्याकडेही पहिला मोठा विरोध कुणा रूक्ष मुल्लाने केला नाही. 1400च्या सुमारास गुलबर्ग्याला आलेले आणि 1422 मध्ये तिथेच वारलेले ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज स्वतः चिश्ती सूफी. ईश्वर सगळ्याच्या पलीकडे, आणि त्या पलीकडच्याही पलीकडे आहे. त्याला ‘अस्तित्व’ या शब्दात बसवणंही कमीच पडतं, असं म्हणत त्यांनी इब्न अरबींवर कठोर टीका केली. पुढे सरहिंदच्या शेख अहमदांनी (1564–1624) ही टीका नेटकी मांडली. सूर्य उगवला की तारे दिसत नाहीत. पाहणाऱ्याला सूर्यच दिसतो, हे खरं, पण म्हणून तारे नाहीत असं म्हणणं खोटं. एकत्व अनुभवात आहे, वस्तुस्थितीत नाही. त्यांचं सूत्र ‘सर्व तोच’ऐवजी ‘सर्व त्याच्यापासून’ असं होतं.

वाक्य रक्तापर्यंत पोहोचलं ते मात्र समुद्रापार. बुऱ्हाणपूरच्या मुहंमद बिन फजलुल्लाह यांनी 1590 साली ‘तुहफा’ ही छोटी अरबी पुस्तिका लिहिली. एकच अस्तित्व सात पायऱ्यांनी कसं उतरतं, हे त्यांनी तीत सांगितलं. विचार सोपा करून सांगणारी ही पुस्तिका सुमात्रातल्या आचे राज्यात पोहोचली आणि तिथल्या शम्सुद्दीन यांच्यासारख्या विद्वानांनी तिच्यावर आपली शिकवण उभारली. 1637 मध्ये सुरतेजवळच्या रांदेरचे नूरुद्दीन रानीरी तिथे गेले. सुलतानाचा पाठिंबा मिळताच त्यांनी या ‘वुजूदी’ मंडळींना काफर ठरवलं. ग्रंथ जाळले गेले, माणसं मारली गेली. खरं तर रानीरी हा सिद्धान्त सरसकट नाकारत नव्हते. खरे वुजूदी आणि पाखंडी वुजूदी अशी वाटणी ते करत. ईश्वर आणि जग यांतला फरक बोलताना पुसला गेला, की माणूस पाखंडी. जिवाचा निकाल वाक्यरचनेवर लागत होता.

आचेच्या शंका पुढे मदीनेला इब्राहिम कुरानींकडे गेल्या. त्यांनी ‘तुहफा’वर भाष्य लिहून शरियत आणि एकत्व सोबत नांदू शकतात हे दाखवलं, आणि दुसऱ्याला काफर म्हणण्याची घाई करू नका असं बजावलं. या कुरानींची गुरुपरंपरा सिबगतुल्लाह यांच्यापर्यंत जाते, आणि ते मदीनेत स्थिरावण्याआधी विजापुरात राहिले होते. बुऱ्हाणपूरचं पुस्तक, आचेची आग आणि मदीनेचं उत्तर, तिन्हींमागे दख्खनचा हात आहे.

टीकाकारही मग सुटले नाहीत. 1679 मध्ये औरंगाबादच्या काझीला हुकूम गेला की शेख अहमद सरहिंदींच्या पत्रांतली काही मतं सुन्नी मताविरुद्ध आहेत, त्यांचं अध्यापन थांबवा. एकत्वाला विरोध करणाऱ्याच्याच लेखनावर औरंगजेबाच्या कारभारात बंदी आली. सरहिंदींनी स्वतःच्या आध्यात्मिक पदाबद्दल केलेले दावे अनेकांना असह्य झाले होते. अनुभवाची भाषा मर्यादा ओलांडते ही भीती त्यांनी इतरांबद्दल बाळगली; शेवटी तीच त्यांच्याकडे वळली.

त्याच शतकात विजापूरजवळ शाहपूरच्या टेकडीवर मीरांजी, बुऱ्हाणुद्दीन जानम आणि अमीनुद्दीन आला यांच्या परंपरेतले चिश्ती दख्खनी बोलीत लिहीत होते. पंचमहाभूतं आणि गुण यांची भाषा त्यांनी सहज उचलली. याच वर्तुळातून बायकांसाठी जात्यावरची गाणी आली: जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, म्हणजे अल्लाह, आणि मधला खिळा म्हणजे पैगंबर. मला यात एक मोठी हुशारी दिसते. खुंटा आणि खिळा एकाच जात्याचे, पण दोन वेगळे. आणि दळणारी बाई त्या दोघांहून वेगळी, पीठ पाडत, नाव घेत बसलेली.