तळटीप : ओळखीच्या साखळीतून निवडलेले फेरीवाले

* फेरीवाल्यांची पूर्ण यादी सहसा मिळत नाही. महापालिकेच्या नोंदीत परवानाधारक तेवढे सापडतात. म्हणून लेखकाने येथे स्नोबॉल पद्धत वापरली आहे : एका विक्रेत्याची मुलाखत घ्यायची, मग त्याने सुचवलेल्यांकडे जायचे. लिओ गुडमन यांनी १९६१ साली या पद्धतीचे गणित मांडले, तेव्हा सुरुवातीची माणसे यादृच्छिक निवडलेली असावीत अशी अट होती. पुढे अनेकांनी ती सोयीने सोडली. नमुना कलतो तो इथेच. स्टेशनबाहेरच्या, संघटनेतल्या भाजीवाल्यापासून आरंभ केला, तर तो आपल्या रांगेतली, आपल्या गावाकडची नावे देतो. वीस जण ज्याला ओळखतात त्याचे नाव पुढे येण्याची शक्यता, चौघेच ओळखतात त्याच्यापेक्षा साधारण पाचपट. डोक्यावर पाटी घेऊन एकटी फिरणारी बाई सुटते. चौथ्या फेरीतही पहिल्यांसारखीच मंडळी येत असतील, तर साखळी एकाच गोटात अडकली असे समजावे. डग्लस हेकाथॉर्न यांच्या १९९७ च्या पद्धतीत प्रत्येकाला मोजकीच कूपने देतात. त्यातून पुढे विकसित झालेल्या हिशेबात ज्याच्या ओळखी जास्त, त्याच्या उत्तराचे वजन कमी धरतात. प्रस्तुत प्रकरणात ओळखींची संख्या विचारलेलीच नाही. तेव्हा तक्त्यातील टक्केवारी ‘मुलाखत दिलेल्यांपैकी’ एवढ्याच अर्थाने वाचावी. — संपा.