नंतर आलेला जॉब आधी का सुरू होतो? क्लस्टरच्या रांगेचा छोटा इतिहास

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी बदलापूरच्या घरातून ssh करून क्लस्टरवर माझा पहिला मोठा जॉब टाकला. अॅबस्ट्रॅक्ट द्यायला नऊ दिवस उरले होते. चार दिवस जॉब PENDING. पाचव्या दिवशी दुसऱ्या ग्रुपच्या एका मुलाने सकाळी टाकलेला जॉब दुपारी सुरू झालेला दिसला, आणि माझा तिथेच. मी तोवर त्या मशीनवर एक मिनिटही वापरलं नव्हतं. मला वाटलं, कुणीतरी ओळखीने पुढे घुसवलंय. अॅडमिनला रागाने ई-मेल लिहायला घेतला होता. पाठवला नाही हे बरं झालं. कारण कुणी घुसवलं नव्हतं. रांग नियमाने चालली होती, मला नियम माहीत नव्हता.

हा नियम एका दिवसात बनलेला नाही. तो कसा बनत गेला हे कळलं की तुमच्या जॉबचं काय चाललंय हेही कळतं, म्हणून इतिहासाच्या वाटेने जाऊ.

गठ्ठ्यांची रांग

1964 मध्ये मुंबईत टीआयएफआरला सीडीसी 3600 हा संगणक आला. देशातल्या अनेक विद्यापीठांचे आणि संस्थांचे संशोधक तो वापरत. त्या काळची पद्धत बॅचची: प्रोग्रॅम पंचकार्डांवर, कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा, आपली पाळी आली की तो मशीनमध्ये जाणार आणि छापील उत्तर नंतर मिळणार. अशा रांगेचा सगळ्यात साधा नियम म्हणजे जो आधी आला तो आधी.

हा नियम सरळ वाटतो, पण त्यात एक भोक आहे. तो गठ्ठे मोजतो, माणसं मोजत नाही. एकाने सकाळी पन्नास गठ्ठे आणून ठेवले तर एकावन्नाव्या माणसाने दिवसभर बसून राहायचं. त्यावर उपाय म्हणून बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाला ठरावीक कोटा मिळे. त्यातून उलटा प्रश्न आला: महिनाअखेरीला मशीन रिकामं, पण तुमचा कोटा संपलेला, म्हणून तुम्हाला ते वापरता येत नाही.

सिडनीतला विचार

या कोंडीवरचा एक गाजलेला उपाय ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठातून आला. तिथे विद्यार्थी एकच युनिक्स मशीन वापरत आणि असाइनमेंटच्या शेवटच्या दिवशी त्याची दमछाक होई. युनिक्स वेळ वाटायचं ते प्रोसेसना, म्हणजे ज्याच्या प्रोसेस जास्त त्याला वेळ जास्त. ज्यूडी के आणि पिअर्स लॉडर यांनी 1988 मध्ये 'अ फेअर शेअर शेड्युलर' हा लेख प्रसिद्ध केला. त्याचा गाभा असा: वाटा माणसाला द्या, प्रोसेसला नाही. प्रत्येकाने आतापर्यंत किती वापरलं ते लक्षात ठेवा. आणि ती आठवण हळूहळू पुसट होऊ द्या.

आपल्या बाजूच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. बदलापूर किंवा अंबरनाथहून सकाळी जाणाऱ्या लोकलच्या डब्यात नेहमीचा ग्रुप असला, तर बसून आलेला माणूस ठाण्याला उठतो आणि उल्हासनगरपासून उभ्या असलेल्याला बसायला देतो. आधी कोण चढला हे इथे महत्त्वाचं नाही, आतापर्यंत कोण किती बसला ते महत्त्वाचं. आणि जागा रिकामी असेल तर 'तुझा कोटा संपला' असं कुणी म्हणत नाही.

पण क्लस्टरवर एक फरक पडतो, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. सिडनीच्या मशीनवर चालू प्रोसेस क्षणभर थांबवून दुसरी चालवता येत होती. क्लस्टरवर जॉबला नोड मिळाले की साधारणपणे तो संपेपर्यंत ते त्याचेच. ठाण्याला कुणी उठत नाही. त्यामुळे फेअर-शेअरच्या हातात एकच गोष्ट उरते: पुढची जागा रिकामी झाली की ती आधी कुणाला द्यायची.

आकडे घालून पाहू

आज असंख्य क्लस्टरवर स्लर्म हा शेड्युलर असतो. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्मही त्यावरच चालतो. स्लर्मची सुरुवात अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत झाली. त्यात जॉबची प्रायॉरिटी म्हणजे काही घटकांची बेरीज असते: फेअर-शेअर, किती वेळ थांबला, जॉबचा आकार, वगैरे. प्रत्येक घटक 0 ते 1 मधला, आणि त्याला अॅडमिनने ठरवलेल्या वजनाने गुणायचं. फेअर-शेअरचं जुनं सूत्र असं होतं:

```
F = 2^(-U/S)
```

S म्हणजे तुमचा ठरलेला वाटा, U म्हणजे एकूण वापरातला तुमचा प्रत्यक्ष हिस्सा. समजा, दोनच ग्रुप आहेत, अ आणि ब, दोघांचा वाटा 0.5. अ ने 8000 कोअर-तास वापरले, ब ने 2000. म्हणजे U अनुक्रमे 0.8 आणि 0.2. सूत्रात घातलं की अ ला 0.33 आणि ब ला 0.76 मिळतात. फेअर-शेअरचं वजन 10000 धरलं तर अ ला 3299 गुण, ब ला 7579.

आता थांबण्याचे गुण. त्याचं वजन 1000 आहे आणि ते सात दिवसांत पूर्ण मिळतात, असं धरू. अ चा जॉब आठवडाभर थांबला तरी त्याचे होतात 4299. ब चा आत्ता टाकलेला जॉब 7579 वर. म्हणजे या मांडणीत अ कितीही थांबला तरी नुसत्या थांबण्याने ब च्या पुढे जाणार नाही. पहिल्या वर्षी मी मनात 'चार दिवस झाले, आता माझाच नंबर' असा हिशोब करत होते, तो इथे चुकत होता.

मग अ चा नंबर लागतो तरी कसा? पुसट होणाऱ्या आठवणीमुळे. समजा, अर्धायुष्य सात दिवसांचं आहे. आठवड्याने अ चे 8000 मोजले जातात 4000, ब चे 2000 मोजले जातात 1000. इथे थांबून बघा: प्रमाण अजूनही 80 आणि 20 च आहे! नुसता वेळ गेल्याने अ चं काही सुधारलं नाही. सुधारतं ते ब ने मशीन वापरलं म्हणून. या आठवड्यात ब चा वापर, पुसट होऊन उरलेला, 5000 धरला तर ब चे होतात 6000 आणि अ चे 4000. U आता 0.4 आणि 0.6. अ ला 5743, ब ला 4353. पारडं फिरलं.

मी न वापरता मागे का?

माझा प्रश्न मात्र अजून सुटला नव्हता. मी तर शून्य वापरलं होतं.

क्लस्टरवर वाटा झाडासारखा असतो: वर ग्रुपची खाती, त्याखाली माणसं. जुन्या सूत्रात या झाडाचा हिशोब कधीकधी बिघडायचा. कमी वापरलेल्या ग्रुपमधला माणूस जास्त वापरलेल्या ग्रुपमधल्या माणसाच्या मागे पडू शकत होता. 2014 मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या रायन कॉक्स आणि लेव्ही मॉरिसन यांनी यावर 'फेअर ट्री' ही पद्धत लिहिली. पुढे ती स्लर्ममध्ये डिफॉल्ट झाली.

ती आधी ग्रुपांची आपसात तुलना करते, S भागिले U काढून. आपल्या उदाहरणात, पहिल्या आठवड्यात, ब ला 2.5 आणि अ ला 0.625. ब पुढे. आता ब मधले सगळे लोक अ मधल्या सगळ्यांच्या पुढे लागतात. माणसांची तुलना फक्त आपल्या ग्रुपच्या आत होते. दोन्हीकडे दोन-दोन माणसं असतील, तर ब च्या दोघांना 1.0 आणि 0.75, अ च्या दोघांना 0.5 आणि 0.25.

अ मधली नवी मुलगी, जिने काहीच वापरलं नाही, ती आपल्या ग्रुपमध्ये पहिली, म्हणून 0.5. पण ब च्या सगळ्यांत जास्त वापरणाऱ्याच्याही मागे. ती नवी मुलगी मी होते. माझ्या सीनियरने थिसिससाठी महिनाभर मशीन चालवलं होतं, आणि तो वापर आमच्या सगळ्यांच्या खात्यावर होता. यात अन्याय नाही, पण ग्रुपमध्ये बोलणं हवं हे नक्की. डेडलाइन कुणाची आहे हे शेड्युलरला कळत नाही.

मधल्या फटी

मग मी तो अॅबस्ट्रॅक्ट दिला कसा? इतिहासातल्या आणखी एका टप्प्यामुळे. 1995 च्या सुमारास अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत डेव्हिड लिफ्का यांनी तिथल्या 128 नोडांच्या आयबीएम मशीनसाठी 'ईझी' नावाचा शेड्युलर लिहिला. त्यातून बॅकफिल रूढ झालं.

20 नोडांचं मशीन घ्या. दुपारचे 12 वाजलेत. 12 नोड संध्याकाळी 6 पर्यंत गुंतलेले, 8 रिकामे. रांगेत पहिल्या जॉबला सगळे 20 हवेत, म्हणजे तो 6 ला सुरू होणार. तोवर ते 8 नोड पडून राहतील. बॅकफिलचा नियम: पहिल्याला उशीर होणार नसेल, तर मागचा कुणीही या फटीत शिरू शकतो. 4 नोड आणि 5 तास मागणारा जॉब लगेच सुरू होतो. 4 नोड आणि 24 तास मागणारा थांबतो, मग तो खरं तर तीन तासांतच संपणार असला तरी. शेड्युलर तुमचा कोड वाचत नाही, तुम्ही मागितलेला वेळ वाचतो.

मी 'असू दे' म्हणून 72 तास लिहिले होते. छोटी चाचणी चालवून पाहिलं तर काम सुमारे सहा तासांचं निघालं. आठ तास मागून पुन्हा टाकलं, आणि त्याच रात्री सुरू झालं. पण फार कापूही नका. मागितलेला वेळ संपला की जॉब मारला जातो, आणि चेकपॉइंट नसेल तर सगळं पहिल्यापासून.

तुमच्या जॉबचं काय चाललंय?

रागाने ई-मेल लिहिण्याआधी हे चार चालवा:

```
squeue --me --start
sprio -l
sprio -w
sshare -l
```

पहिल्यात अंदाजे सुरू होण्याची वेळ दिसते. ती नवा जॉब आला की बदलते, म्हणून तिच्यावर विसंबून तिकीट काढू नका. squeue मधल्या कारणाच्या रकान्यात `Priority` असेल तर तुमच्या पुढे कुणीतरी आहे. `Resources` असेल तर तुम्ही पुढे पोचलात, नोड रिकामे व्हायची वाट आहे. नाव `QOS` किंवा `Assoc` ने सुरू होत असेल तर तुम्ही बहुतेक एखाद्या मर्यादेला अडकलात, आणि नुसतं प्रायॉरिटीकडे बघून उपयोग नाही. `sprio -w` तुमच्या क्लस्टरची वजनं दाखवतो. तिथे फेअर-शेअर आणि थांबण्याचं वजन शेजारी ठेवून बघा. वाट बघून किती हाती लागणार ते तिथेच कळतं. आणि `sshare` मध्ये तुमच्या नावाआधी ग्रुपच्या ओळीतला `LevelFS` वाचा. तो 1 पेक्षा कमी असेल तर तुमच्या ग्रुपने वाट्यापेक्षा जास्त वापरलंय.

मी ते आकडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा आमच्या ग्रुपचा `LevelFS` होता 0.4. अर्धवट लिहिलेला ई-मेल मी खोडला, आणि सीनियरला फोन करून विचारलं, "दादा, तुझे अजून किती जॉब राहिलेत?"