डायमॉक्सची अर्धी गोळी

गेल्या महिन्यात मामेबहिणीचा फोन आला. लेहचं विमानाचं तिकीट काढलंय, डॉक्टरांनी डायमॉक्स लिहून दिलीय, पण गोळीच्या माहितीपत्रकात 'सल्फा' शब्द दिसला आणि तिच्या पोटात गोळा आला. लहानपणी सेप्ट्रानने तिच्या अंगभर पुरळ उठलं होतं. आमच्या आईलाही हीच गोळी आठवली, कारण आजीच्या काचबिंदूवर ती दिली होती. डोळ्यांची गोळी डोंगरावर कशी काय गेली? मी शोधत बसलो आणि त्यात दोन रविवार गेले. :)

गोष्ट सुरू होते सल्फापासूनच. १९३०च्या दशकात सल्फानिलामाइड हे जंतूंवरचं नवं औषध आलं. ते घेणारे काही रुग्ण भराभर श्वास घेऊ लागत आणि त्यांचं रक्त आम्लधर्मी होई. १९४० मध्ये मान आणि कीलिन यांनी कारण दाखवलं: हे औषध कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं विकर अडवतं. ते अडलं की मूत्रपिंडं बायकार्बोनेट लघवीतून सोडून देतात. १९४९ मध्ये विल्यम श्वार्ट्झ यांनी हाच दुष्परिणाम हृदयरुग्णांच्या अंगावरची सूज उतरवायला वापरून पाहिला. औषध फार दिवस देण्याजोगं नव्हतं, पण कल्पना बरोबर होती. मग अमेरिकन सायनामिड कंपनीत रॉब्लिन आणि क्लॅप यांनी त्याच कुळातली जास्त प्रभावी संयुगं बनवली. त्यांतलं एक म्हणजे अॅसिटाझोलामाइड, आपली डायमॉक्स.

आता डोंगर. उंचीवर हवा विरळ, म्हणून आपण जोरात श्वास घेतो. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला ब्रेक लावतो. रात्री झोपेत तर श्वास मधेच थांबतो नि दचकून जाग येते. मूत्रपिंडं हळूहळू बायकार्बोनेट टाकून हा ब्रेक सोडवतात, पण त्याला काही दिवस लागतात. गोळी तेच काम दिवसभरात करून देते. म्हणजे ती लक्षणं झाकत नाही, शरीराचं स्वतःचंच काम लवकर उरकते.

१९७५ मध्ये एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचे इथे (सुमारे ४२४० मीटर) हॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७८ ट्रेकर तपासले. विमानाने लुक्लाला उतरलेल्यांना त्रास जास्त, पायी आलेल्यांना कमी. आणि गोळीचा फायदा दिसला तो विमानवाल्यांना. आमची बहीण नेमकी त्यातली! समुद्रसपाटीवरून एका सकाळीत ३५०० मीटरवर.

पूर्वी डोस दांडगे असत. आता प्रौढांना प्रतिबंधासाठी १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पुरतं, म्हणजे २५० ची अर्धी गोळी सकाळी, अर्धी संध्याकाळी. सुरुवात विमानाच्या आदल्या दिवशी करायची आणि लेहला पोचल्यावर आणखी दोन दिवस चालू ठेवायची. त्यापुढे आणखी उंचावर मुक्काम करायचा असेल तर किती दिवस लांबवायची ते डॉक्टरांना विचारावं. पहिले दोन दिवस मात्र आराम करायचाच, गोळी घेतली म्हणून लगेच खारदुंगला गाठायचा नाही.

बोटांना, पायांना, ओठांभोवती मुंग्या येतात. घाबरायचं नाही, गोळी थांबवली की जातात. लघवी जास्त होते. आणि सोडा, बिअर बेचव, मचूळ लागते. २००९ मध्ये कळलं की जिभेवरच्या आंबट चवीच्या पेशींतलं कार्बोनिक अनहायड्रेजच आपल्याला त्या फसफसण्याची चव देतं. ते बंद, तर बुडबुड्यांची मजा बंद. मुंग्या आल्या म्हणजे उंचीचा त्रास टळला, असं मात्र समजू नये. डोकेदुखीबरोबर मळमळ, थकवा वाढत गेला तर वर जाणं थांबवायचं. चालताना तोल जाऊ लागला, बरळणं सुरू झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

राहिलं सल्फा. सल्फाच्या जंतुनाशकांची अॅलर्जी बरीचशी त्यांच्या रेणूतल्या एका विशिष्ट अमाइन भागामुळे होते, आणि तो भाग अॅसिटाझोलामाइडमध्ये नाही. त्यामुळे एकाची अॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याची होईलच असं नाही, शक्यता कमी असते. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. ज्यांना सल्फाने श्वास कोंडला, चेहरा सुजला किंवा कातडी सोलवटून तोंडात फोड आले, त्यांनी ही गोळी घेऊच नये. त्यांच्यासाठी डॉक्टर डेक्सामेथासोनचा विचार करतात, आणि वेळ असेल तर हळू चढणं सगळ्यात बरं.

बहिणीचं नुसतं पुरळ होतं. तिने ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगितलंच नव्हतं! सांगितल्यावर त्यांनी निघण्याच्या तीन आठवडे आधी, दवाखान्यात बसवून अर्धी गोळी दिली आणि काही तास थांबवून घेतलं. पुरळ नाही, सूज नाही. संध्याकाळी तिचा मेसेज आला: "बोटं झिणझिणतायत, आणि थम्स अप पाण्यासारखं लागतंय."